सूर्य ९९ टक्के झाकला तरी उरलेला १ टक्का डोळा जाळतो. हिंगोलीतून ग्रहण सुरक्षित कसे पाहाल?

२ ऑगस्ट २०२७, वार सोमवार. या दिवशी दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त आणि सौदी अरेबियावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा जाणार आहे. इजिप्तमध्ये लक्सर परिसरात सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. त्याच दिवशी दुपार कलल्यानंतर महाराष्ट्रातूनही ग्रहण दिसेल, मात्र ते खंडग्रास असेल. चंद्र सूर्याचा फक्त एक तुकडा झाकेल आणि बाकीचा सूर्य नेहमीसारखाच तळपत राहील.

त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे आणि ती सोमवारी आल्याने सोमवती. शाळेचा दिवस असेल, औंढा नागनाथला गर्दी असेल. दुपारी चार-पाचच्या सुमारास हजारो माणसे, त्यातही मुले, मान वर करतील. "थोडासाच झाकलाय, एकदा बघितलं तर काय होतंय?" हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला जाईल. त्याचे उत्तर आधीच समजून घेतलेले बरे.

हिंगोलीने हे जवळून पाहिले आहे

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, ११ ऑगस्ट १९९९ ला, विसाव्या शतकातले शेवटचे खग्रास सूर्यग्रहण भारतावरून गेले. गुजरातमधील कच्छपासून महाराष्ट्र ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत सावलीचा अरुंद पट्टा गेला. हिंगोलीच्या उत्तरेकडून, विदर्भाच्या बाजूने तो सरकला. हिंगोली पट्ट्याच्या थोडी बाहेर राहिली. म्हणजे इथे सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता, पण पूर्ण नाही. पावसाळी ढगांमुळे त्या दिवशी देशात बऱ्याच ठिकाणी लोकांची निराशा झाली, हा भाग वेगळा.

"जवळजवळ पूर्ण" आणि "पूर्ण" यातला फरक किती मोठा आहे, हे एका साध्या हिशेबाने कळते. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. समजा त्याचा ९९ टक्के भाग झाकला गेला. उरलेला १ टक्का म्हणजेसुद्धा चार हजार पूर्णचंद्रांएवढा उजेड. सूर्य पूर्ण झाकलेला असतो, त्या दोन-चार मिनिटांतच उघड्या डोळ्यांनी वर पाहता येते आणि तेही फक्त खग्रास पट्ट्याच्या आत उभे राहून. पट्ट्याबाहेर अशी सूट एका सेकंदाचीही नसते. २०२७ मध्ये हिंगोली पट्ट्यापासून खूपच लांब असेल. त्यामुळे सेनगाव असो, कळमनुरी असो की वसमत, ग्रहण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सूर्याकडे थेट बघण्याजोगा एकही क्षण येणार नाही.

डोळ्याच्या आत नेमके काय होते?

लहानपणी भिंगाने कागद जाळलेला बहुतेकांना आठवत असेल. आपल्या डोळ्यातही भिंग आहे आणि ते सूर्याची प्रतिमा मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, केंद्रित करते. ही प्रतिमा जेमतेम ०.१६ मिलिमीटर रुंद असते. आपण ज्या वस्तूकडे रोखून बघतो तिची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर पडते. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही बारीक नजरेची सगळी कामे हाच ठिपका करतो. सूर्याकडे रोखून पाहणे म्हणजे डोळ्यातली सर्वांत मोलाची जागा उन्हात धरणे.

आता ग्रहणाचा मुद्दा. चंद्राने अर्धा सूर्य झाकला की एकूण उजेड निम्मा होतो, हे खरे. पण सूर्याचा जो भाग उघडा आहे, त्या भागाची प्रखरता तसूभरही कमी होत नाही. दृष्टिपटलावरची प्रतिमा फक्त आकाराने लहान होते. चकतीऐवजी कोर पडते, पण त्या कोरीखालच्या पेशींना पूर्ण सूर्याएवढाच मारा बसतो. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या ग्रहणात मुंबईत सूर्याचा सुमारे २४ टक्के भाग झाकला गेला होता. डोळ्याच्या हिशेबाने त्या दिवशी उरलेल्या ७६ टक्के भागाची धार नेहमीइतकीच होती.

खोल ग्रहणात तर उलटा प्रकार होतो. आजूबाजूचा उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. ती दोन मिलिमीटरवरून तीन मिलिमीटर झाली, तरी तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. म्हणजे उघड्या कोरीखालच्या पेशींवर ग्रहण नसतानापेक्षा जास्त प्रकाश पडतो.

मग रोजच्या सूर्याने डोळे का जात नाहीत? कारण रोज आपण त्याच्याकडे बघतच नाही. नजर गेली की डोळे आपोआप मिटतात, मान वळते. ग्रहणात दिपणे कमी होते, बघण्यासारखे काही तरी असते, म्हणून माणूस ही नैसर्गिक सवय दाबून टक लावतो. ग्रहणात सूर्यातून कोणतेही वेगळे, विषारी किरण बाहेर पडत नाहीत. किरण रोजचेच असतात, बदलतो तो आपला बघण्याचा वेळ.

दुखत नाही, हीच खरी अडचण

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. तव्याला बोट लागले की हात लगेच मागे येतो. डोळ्याच्या आत जळताना तसा कोणताही इशारा मिळत नाही. शिवाय इथले नुकसान मुख्यतः उष्णतेने भाजण्याचे नसून प्रकाशाने घडवलेल्या रासायनिक बदलाचे असते. निळसर प्रकाश पेशींमध्ये घातक रसायने तयार करतो आणि पेशी काही तासांत निकामी होऊ लागतात. थोडे थोडे करून पाहिले तरी ही इजा साठत जाते. "मी दोन-दोन सेकंदच बघत होतो" हा बचाव म्हणूनच चालत नाही.

त्यामुळे ग्रहण बघून आलेला मुलगा संध्याकाळी ठणठणीत असतो, जेवतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचताना मधलेच अक्षर गायब दिसते. समोरच्याचे नाक दिसत नाही, पण कान दिसतात. सरळ रेघ मध्येच वाकलेली वाटते, रंग फिके किंवा बदललेले वाटतात.

अमेरिकेत २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमधील एका तरुणीच्या बाबतीत हेच झाले. तिथेही ग्रहण खंडग्रासच होते आणि सूर्य सुमारे ७० टक्के झाकला होता. तिने तो काही वेळा, काही सेकंद, संरक्षणाशिवाय पाहिला. नंतर डॉक्टरांनी अतिसूक्ष्म छायाचित्रणाने तिचे दृष्टिपटल तपासले, तेव्हा जळालेल्या पेशींचा आकार चक्क चंद्रकोरीसारखा निघाला. तिने आकाशात जी कोर पाहिली, तिचाच ठसा डोळ्यात उमटला होता.

या इजेवर खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. अनेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरीचशी सुधारते. काहींच्या नजरेत मधला डाग कायमचा राहतो. कोण कोणत्या गटात जाईल, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही.

काळी काच, एक्स-रे, परातीतले पाणी: का चालत नाही?

सूर्य पाहण्यासाठी बनवलेले चांगले फिल्टर साधारण एक लाखातला एक भाग प्रकाश, किंवा त्याहूनही कमी, आत सोडतात. बाकी सगळ्या जुगाडांची तुलना या आकड्याशी करा.

साधा काळा गॉगल १०० पैकी दहा-वीस भाग प्रकाश सोडतो, म्हणजे फिल्टरच्या दहा-वीस हजार पट. दोन गॉगल एकावर एक लावले तरी आपण लाखाच्या जवळपासही पोहोचत नाही. काजळी धरलेल्या काचेवर थर कुठे जाड, कुठे विरळ असतो. एक्स-रेची फिल्म, फोटोची निगेटिव्ह आणि सीडी यांचा धोका जास्त फसवा आहे. त्यातून सूर्य मंद दिसतो, पण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण आरपार जाऊ शकतात. मंद दिसते म्हणून माणूस निर्धास्त होऊन जास्त वेळ बघतो.

हळदीच्या या मुलखात एक उपाय हमखास सुचवला जातो: परातीत पाणी घ्या, त्यात हळद कालवा आणि प्रतिबिंब बघा. हा उपाय नीट तपासू. सूर्याचे प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावरून येते, आतल्या पाण्यातून नाही. त्यामुळे हळदीने प्रतिबिंबाचे तेज कमी होत नाही. उलट परातीचा तळ झाकला गेल्याने प्रतिबिंब जास्त स्पष्ट दिसते. सूर्य डोक्यावर असताना पाणी त्याचा सुमारे २ टक्के प्रकाश परावर्तित करते. पण सूर्य जसा खाली येतो, तसे हे प्रमाण वाढते. ऑगस्टच्या सुरुवातीला सायंकाळी पाचला हिंगोलीत सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंश वर असतो. तेव्हा पाणी सात-आठ टक्के प्रकाश परत फेकते. चांगल्या फिल्टरच्या हे सात-आठ हजार पट झाले. म्हणजे परातीतला सूर्यही सूर्यच आहे. त्याच्याकडे टक लावू नका.

पातळ ढगांचेही तसेच. ऑगस्टमध्ये ढगाआडून सूर्याची गोल कडा स्वच्छ दिसू शकते आणि दिपतही नाही. ढगाने ९९ टक्के प्रकाश अडवला, तरी जो पोहोचतो तो फिल्टरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या हजार पट असतो.

चष्मा घेणार असाल, तर असा तपासा

ग्रहणाच्या चष्म्यावर ISO 12312-2 हे मानक छापलेले असते. पण छापणे सोपे असल्याने नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. चष्मा घरात लावून बघा. खोलीतले काहीही दिसता कामा नये. ट्यूबलाइट, फर्निचर, खिडकी, सगळे काळे झाले पाहिजे. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरल्यावर फार तर अंधुक ठिपका दिसावा. खोलीतला दिवा सहज दिसत असेल, तर तो चष्मा कचऱ्यात टाका. मग चष्मा उजेडाकडे धरून त्यावर ओरखडे, सुरकुत्या, टाचणीएवढी छिद्रे आहेत का ते पाहा. एक छिद्रही पुरेसे घातक आहे.

वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी मान खाली, चष्मा लावा, मग वर बघा. काढताना आधी मान वळवा, मगच चष्मा काढा. नंबरचा चष्मा असेल, तर हा त्याच्यावरून लावा. लहान मुले चष्म्याच्या बाजूने डोकावतात, म्हणून त्यांच्याजवळ मोठे माणूस हवे.

वेल्डिंगच्या काचेबद्दल नेहमी विचारले जाते. १४ नंबरची काच चालते, १२ पेक्षा कमी नंबरची नाही. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बहुधा याहून कमी नंबरच्या काचा असतात. काचेवर नंबर नसेल, तर ती वापरू नका.

आणि हा चष्मा लावून दुर्बिणीत कधीही बघू नका. दुर्बीण सूर्याचा प्रकाश एकवटते; डोळ्याजवळचा फिल्टर क्षणात वितळू शकतो. दुर्बिणीचा फिल्टर नेहमी पुढच्या, मोठ्या भिंगावर लागतो. मोबाइलने फोटो काढायचा असेल, तरी फिल्टर कॅमेऱ्याच्या पुढे धरा. तिथला खरा धोका वेगळाच असतो: स्क्रीनवर सूर्य सापडेना म्हणून आपण मोबाइलच्या बाजूने थेट वर बघतो.

शाळेसाठी सर्वांत चांगला उपाय: दहा रुपयांचा आरसा

चष्म्यावाचून, एकाच वेळी पन्नास मुलांना ग्रहण दाखवता येते. त्यासाठी लागतो हातात मावेल एवढा साधा सपाट आरसा. त्यावर जाड काळा कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध पाच ते आठ मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, भोक पाडा. आरसा अंगणात उन्हात, एखाद्या विटेला टेकवून ठेवा आणि त्याचा कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या आतल्या भिंतीवर पाडा.

भिंतीवर दिसणारे गोल हे भोकाचे चित्र नसते, सूर्याचे असते. त्याचा आकार अंतरावर ठरतो: अंतराला १०७ ने भागायचे. आरसा ते भिंत दहा मीटर असेल, तर सूर्य साधारण नऊ सेंटिमीटरचा दिसेल, चहाच्या बशीहून जरा लहान. ग्रहण लागले की त्या गोलाला एका बाजूने घास घेतल्यासारखी खाच पडलेली सगळ्या वर्गाला दिसेल. चित्र धूसर वाटले तर भोक लहान करा किंवा अंतर वाढवा. अंधुक वाटले तर खोली आणखी अंधारी करा. भोक फार मोठे केले, तर उजेड वाढेल पण कडा पसरतील आणि खाच दिसणारच नाही. सूर्य आकाशात दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून कवडसाही सरकत राहील. दर दोन-तीन मिनिटांनी आरसा किंचित हलवावा लागेल.

यात एकच पथ्य आहे, पण ते कडक आहे. आरशात कुणी बघायचे नाही. आरशात बघणे म्हणजे सूर्याकडेच बघणे. आरशापाशी एक शिक्षक उभा राहू द्या आणि कवडशाच्या वाटेवर दोरी बांधा, म्हणजे मुले मध्ये येणार नाहीत. सगळ्यांची तोंडे भिंतीकडे.

आरसा नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि दोन मीटरवर पांढरा कागद ठेवा. त्यावर १९ मिलिमीटरचा, जुन्या नाण्याएवढा सूर्य उमटेल. घरातली पिठाची चाळणीही चालते. तिच्या प्रत्येक छिद्राखाली एकेक कातरलेला सूर्य दिसतो. लिंबाच्या झाडाखाली पानांतून पडणारे कवडसेही तसेच बदलतात. इथे होणारी चूक एकच: मूल पुठ्ठा डोळ्यापुढे धरून भोकातून सूर्याकडे बघते. म्हणून "पाठ सूर्याकडे" हे आधी दोनदा सांगा.

चुकून बघितलेच तर?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटींच्या वहीचे पान घ्या आणि मधोमध पेनाने ठिपका काढा. वाचायचा चष्मा असेल तर लावा. एक डोळा हाताने झाका, दुसऱ्याने ठिपक्याकडे बघा. मग डोळा बदला. रेघा वाकड्या वाटल्या, मधल्या चौकटी पुसट किंवा गायब दिसल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ग्रहण पाहिल्याचे स्पष्ट सांगा. दृष्टिपटलाचे ओसीटी स्कॅन केले की नुकसान कुठे व किती आहे, ते कळते. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून तपासू नका. एका डोळ्यातला डाग दुसरा डोळा भरून काढतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणून टाकल्याने दृष्टिपटलाला काही फायदा नाही.

मुलांना कोंडू नका, वळवा

ग्रहणाच्या दिवशी मुलांना वर्गात बसवून खिडक्या लावून घेणे, हा शाळांना सर्वांत सोपा मार्ग वाटतो. पण शाळा सुटल्यावर ग्रहण चालूच असेल, आणि ज्याला वर्गात काहीच दाखवले नाही ते मूल रस्त्यावर हमखास वर बघेल. भिंतीवरचा सूर्य पोटभर पाहिलेल्या मुलाला ती गरज उरत नाही. नुसती बंदी करून डोळे वाचतील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियासारखा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प उभा राहतो आहे, तिथल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला एक आरसा आणि एक काळा कागद अवघड नाही. शिक्षण विभागाने जुलैमध्येच केंद्र पातळीवरच्या बैठकीत आरशाचा हा प्रयोग शिक्षकांकडून एकदा करून घ्यावा. रोजच्या उन्हातही तो होतो; भिंतीवर पूर्ण गोल सूर्य दिसतो. ग्रहणाच्या दिवशी मग फक्त त्या गोलाला खाच कधी पडते, एवढेच बघायचे उरेल.